चित्रवर्णनाच्या तोंडी परीक्षेत आधी क्रियापद शोधा

परकीय भाषेच्या तोंडी परीक्षेत मुलासमोर एक चित्र ठेवतात आणि म्हणतात, 'यात काय दिसतंय ते सांग.' मूल चित्रावर बोट ठेवत जातं. बाई. टोमॅटो. कुत्रा. सायकल. चर्च. वीस सेकंदांत चित्र संपतं आणि पुढे काय बोलायचं ते सुचत नाही. शब्द सगळे बरोबर असतात, उच्चारही बरे असतात, तरी गुण कमी पडतात. घरी गेल्यावर आई-वडील म्हणतात, 'शब्द पाठ केले नसतील.' खरं तर शब्द पाठ असतात म्हणूनच मूल ते एकामागून एक म्हणत सुटलेलं असतं.

अडचण चित्राच्या स्वभावात आहे. चित्रात वस्तू आणि माणसं दिसतात, म्हणजे नामं दिसतात. क्रियापद दिसत नाही, ते बघणाऱ्यानं स्वतः घालायचं असतं. टेबलावर पुस्तक दिसतं, पण ते 'पडलं आहे' की 'उघडं ठेवलं आहे' हे ठरवणारे आपण. चित्र परीक्षकाच्याही समोर असतं, त्यामुळे त्यात बाई आहे हे त्याला सांगायची गरज नसते. त्या बाईबद्दल तुम्ही वाक्य उभं करू शकता का, एवढंच त्याला ऐकायचं असतं. आणि वाक्य उभं राहतं ते क्रियापदावर.

मी सोलापुरात शाळेच्या मुलांना जर्मन शिकवते, म्हणून उदाहरणं जर्मनची घेते. परीक्षांचे साचे वेगवेगळे असतात. केंब्रिजच्या शालेय बी१ इंग्रजी परीक्षेत प्रत्येक मुलाला एक रंगीत फोटो मिळतो आणि त्यावर साधारण एक मिनिट बोलायचं असतं, तयारीला वेगळा वेळ नसतो. स्पॅनिशच्या डेले ए२ परीक्षेतही फोटोचं वर्णन हा एक स्वतंत्र भाग असतो. शाळेच्या स्वतःच्या तोंडी परीक्षेत शिक्षक वेळ ठरवतात. नवशिक्या मुलाच्या वेगानं एका मिनिटात आठ-दहा छोटी वाक्यं बसतात. सगळी तयारी तेवढ्याच वाक्यांची आहे.

ए२, बी१ या पातळ्या युरोपीय परिषदेनं २००१ साली प्रकाशित केलेल्या भाषाविषयक चौकटीतून आल्या. त्या चौकटीत वर्णनाबद्दल एक उपयोगी फरक सांगितला आहे. ए२ पातळीवर सोपी वाक्यं यादीसारखी एकापुढे एक जोडलेली चालतात. बी१ पातळीवर त्यांच्यात एक सरळ ओळ लागते, म्हणजे एक मुद्दा संपला की त्याला धरून पुढचा यायला हवा. दोन्हीकडे अपेक्षा वाक्यांची आहे. नुसत्या शब्दांची यादी ए२लाही पुरत नाही.

आता एक चित्र डोळ्यांसमोर आणा. जर्मनीतल्या एका गावचा आठवडी बाजार. मधोमध एक म्हातारी टोमॅटो घेते आहे. तिच्यासमोर फळीमागे विक्रेता उभा आहे आणि हसतो आहे. फळीवर वजनकाटा आहे. डावीकडे बाकावर एक मुलगा बसला आहे, त्याच्या पायाशी कुत्रा पडला आहे. उजवीकडे भिंतीला टेकलेली सायकल. मागे चर्च, वर राखाडी आभाळ, लोकांच्या अंगात जाकिटं. पाठ्यपुस्तकांत आणि परीक्षांत अशी चित्रं नेहमी असतात. बाजार नसेल तर स्वयंपाकघर, बाग किंवा रेल्वे स्टेशन.

विचार करायला अर्धं मिनिट मिळालं आणि कागद-पेन्सिल असेल, तर मुलं 'टोमॅटो, कुत्रा, सायकल' असं लिहून काढतात. ते लिहू नका, ते चित्रात आहेच. कागदावर फक्त क्रियापदं लिहा: घेते, उभा आहे, हसतो, बसला आहे, पडला आहे, टेकली आहे. जर्मनमध्ये काउफ्ट, श्टेट, लाख्ट, झिट्स्ट, लीग्ट, आणि सायकलीसाठी पुन्हा श्टेट. पाच-सहा क्रियापदं हाताशी असली की पाच-सहा वाक्यं तयारच आहेत, कारण त्यांना लागणारी नामं समोर छापलेली आहेत. कागद नसेल तर हेच मनात करायचं. चित्रावरून नजर फिरवताना 'हे काय आहे' असं विचारू नका, 'हा काय करतोय, हे कसं आहे' असं विचारा.

क्रियापद मिळालं तरी ते वाक्यात कुठे ठेवायचं हा प्रश्न उरतो, आणि आपल्या मुलांची सर्वांत जास्त घसरण इथेच होते. मराठीत क्रियापद शेवटी येतं: 'डावीकडे एक मुलगा बाकावर बसला आहे.' सोलापुरात बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. त्याही भाषांत क्रियापद शेवटीच. शाळेतल्या इंग्रजीत ते कर्त्याच्या मागे येतं. जर्मनच्या साध्या विधानात मात्र ते दुसऱ्या जागी बसतं, मग पहिल्या जागी काहीही असो. चित्रवर्णनात पहिल्या जागी बहुतेक वेळा ठिकाण असतं, 'डावीकडे', 'मध्ये', 'मागे'. म्हणून ठिकाण बोलून झालं की लगेच क्रियापद आणि त्यानंतर माणूस. 'लिंक्स झिट्स्ट आइन युंगे' - डावीकडे बसलाय एक मुलगा. मुलं म्हणतात 'लिंक्स आइन युंगे झिट्स्ट'. शब्द चारही बरोबर, क्रम मराठीचा.

यात 'दुसरी जागा' म्हणजे दुसरा शब्द नव्हे. 'इन देर मिटे' हे तीन शब्द आहेत, पण मिळून एक ठिकाण सांगतात, म्हणून ते एकच जागा घेतात. त्यानंतर क्रियापद: 'इन देर मिटे श्टेट आइने आल्टे फ्राउ' - मध्यभागी एक म्हातारी उभी आहे. हे मी वर्गात सांगते तेव्हा कोणी ना कोणी विचारतं, 'मॅडम, मग मराठीत आधी पूर्ण वाक्य करून नंतर उलटं करायचं का?' तसं करू नका, तेवढा वेळ परीक्षेत नसतो. 'लिंक्स झिट्स्ट', 'रेश्ट्स श्टेट', 'इन देर मिटे श्टेट' अशा जोड्या एका श्वासात तोंडात बसवा. ठिकाण उच्चारलं की क्रियापद आपोआप मागे यायला हवं.

सुरुवातीला प्रत्येक वाक्य 'मला दिसतं'नं करायची सवय असेल तर तीही मोडा. 'इश झे' म्हणजे मी पाहतो किंवा पाहते. हे एकदा वापरणं ठीक, पण त्याच्यामागे येणारा पुल्लिंगी शब्द कर्म होतो आणि त्याचं 'आइन' बदलून 'आइनेन' करावं लागतं: 'इश झे आइनेन मान', मला एक माणूस दिसतो. मुलं इथे 'आइन मान' म्हणून जातात आणि प्रत्येक नव्या माणसागणिक तीच चूक होते. 'उभा आहे, बसला आहे, पडलं आहे' ही क्रियापदं घेतली की तोच माणूस कर्ता होतो आणि 'आइन' जसंच्या तसं राहतं. वाक्यात विविधताही येते. मात्र कर्ता अनेकवचनी असेल तर क्रियापदही अनेकवचनी हवं. फळीवर एक टोमॅटो असेल तर 'लीग्ट', पुष्कळ असतील तर 'लीगेन'. क्रियापद आधी बोलायचं असल्यामुळे, मागून येणारी वस्तू एक आहे की अनेक हे बोलण्यापूर्वीच बघून ठेवावं लागतं.

दुसरी चूक इंग्रजीतून येते. 'ती टोमॅटो घेत आहे' यातल्या 'आहे'साठी मुलं 'इस्ट' घालतात आणि 'झी इस्ट काउफेन' म्हणतात. जर्मनमध्ये 'घेते' आणि 'घेत आहे' या दोन्हींसाठी रोजच्या बोलण्यात एकच साधं रूप चालतं: 'झी काउफ्ट टोमाटेन'. इथे भाषाच आपलं काम कमी करते. मूल जादा 'इस्ट' लावतंय का हे ओळखायचं असेल तर त्याचं एक मिनिटाचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा आणि फक्त 'इस्ट' मोजा. 'आभाळ राखाडी आहे' अशा वाक्यात तो हवाच. त्याच्या मागे दुसरं क्रियापद आलं की चूक.

आता वरच्या बाजाराचं ए२ पातळीचं पूर्ण वर्णन असं होईल. प्रत्येक जर्मन वाक्यानंतर त्याचा अर्थ दिला आहे.

'दास बिल्ड त्साइग्ट आइनेन मार्क्ट.' चित्रात एक बाजार दिसतो.
'इन देर मिटे श्टेट आइने आल्टे फ्राउ.' मध्यभागी एक म्हातारी उभी आहे.
'झी काउफ्ट टोमाटेन.' ती टोमॅटो घेत आहे.
'देर फेरकॉइफर लाख्ट.' विक्रेता हसतो आहे.
'लिंक्स झिट्स्ट आइन युंगे आउफ आइनर बांक.' डावीकडे बाकावर एक मुलगा बसला आहे.
'नेबेन ईम लीग्ट आइन हुंड.' त्याच्या शेजारी कुत्रा पडला आहे.
'रेश्ट्स श्टेट आइन फाराड आन देर वांड.' उजवीकडे भिंतीला सायकल टेकवून उभी आहे.
'इम हिंटरग्रुंड झीट मान आइने किर्शे.' मागे चर्च दिसतं.
'देर हिमेल इस्ट ग्राउ.' आभाळ राखाडी आहे.

नऊ वाक्यं झाली, साधारण मिनिटभराची. क्रम बघा. आधी जागा, मग मधला प्रसंग, तो पुरता संपल्यावर डावीकडे, उजवीकडे, शेवटी मागे आणि वर. म्हातारीबद्दल अर्धं बोलून सायकलीकडे गेलं आणि पुन्हा म्हातारीकडे परत आलं, तर ऐकणाऱ्याला चित्र उभं करता येत नाही आणि बोलणाऱ्याला काय सांगून झालं ते आठवत नाही.

एवढ्यानं ए२चं काम होतं. बी१साठी याच चित्रातून आणखी दोन गोष्टी काढाव्या लागतात, अंदाज आणि त्याचं कारण. अंदाज कशावरून केला ते चित्रात दाखवता आलं पाहिजे. 'फीलाइश्ट इस्ट एस हेर्ब्स्ट' म्हणजे कदाचित शरद ऋतू असावा. 'फीलाइश्ट' पहिल्या जागी आला म्हणून क्रियापद 'इस्ट' लगेच त्याच्यामागे, इथेही तोच नियम. मग कारण: 'दी लॉइटे त्रागेन याकेन, वाइल एस काल्ट इस्ट.' लोकांनी जाकिटं घातली आहेत, कारण थंडी आहे. 'वाइल' म्हणजे कारण, आणि त्याच्यामागच्या उपवाक्यात जर्मन क्रियापद शेवटी जातं, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीच्या वळणानं बोलणारी मुलं इथे अडखळतात. मराठीत, तेलुगूत किंवा कन्नडमध्ये विचार करणाऱ्याला हा क्रम ओळखीचा आहे. मला तर वाटतं, आपल्या मुलांनी प्रत्येक चित्रात एक तरी 'वाइल' वापरावंच.

म्हातारी आणि विक्रेता यांच्याबद्दलही अंदाज करता येतो. तो हसतो आहे, तिच्याशी बोलतो आहे, तेव्हा ती नेहमीची गिऱ्हाईक असावी. 'इश ग्लाउबे, दी फ्राउ कोम्ट ओफ्ट' - मला वाटतं, ही बाई इथे नेहमी येते. बुद्धिमान मुलं कधी कधी इथे वाहवत जातात. म्हातारीचा नवरा वारला आहे, मुलगा परदेशी आहे, अशी कथा सुरू करतात आणि त्यासाठी लागणारे भूतकाळाचे शब्द जमत नाहीत म्हणून मध्येच अडकतात. कथा रचायला कुणी सांगितलेलं नसतं. ज्या अंदाजाला चित्रात पुरावा आहे, तेवढाच करावा.

आता वजनकाटा. नऊ वाक्यांत तो नाही, हे लक्षात आलं असेल. तो जर्मनमध्ये 'वागे', पण हा शब्द मुलाला ठाऊक नाही असं समजा. अशा वेळी मूल दोनपैकी एक करतं. एकतर गप्प होतं आणि परीक्षकाकडे बघत बसतं, किंवा मराठी किंवा इंग्रजी शब्द घालून पुढे जातं. यातलं गप्प होणं जास्त महागात पडतं, कारण एका शब्दामुळे पुढची चार वाक्यंही जातात. पहिला उपाय सोपा आहे: ती वस्तू सोडून द्या. परीक्षकाकडे चित्रातल्या वस्तूंची यादी नसते की त्यानं एकेकीवर खूण करावी. तुम्ही काय वगळलं हे बहुतेक त्याच्या लक्षातही येत नाही. लक्षात येते ती थांबण्याची जागा.

पण परीक्षकानंच त्या वस्तूवर बोट ठेवून 'वास इस्ट दास?', हे काय आहे, असं विचारलं तर टाळता येत नाही. तेव्हा पायरी पायरीनं जायचं. आधी वस्तूची जात सांगायची: यंत्र, प्राणी, फळ, कपडा. 'दास इस्ट आइन गेरेट', हे एक उपकरण आहे. मग त्याचं काम: 'मान लेग्ट दी टोमाटेन दाराउफ उंड झीट: आइन कीलो.' त्यावर टोमॅटो ठेवतात आणि कळतं, एक किलो. शब्द माहीत नसतानाही मुलानं दोन बरोबर वाक्यं सांगितली, परीक्षकाला ते समजलं, आणि अडचणीतून वाट काढण्याची क्षमता दिसली. बरेचदा परीक्षक स्वतःच 'आह, आइने वागे!' म्हणतो. मग तोच शब्द पुढच्या वाक्यात वापरून टाका. ऐकून लगेच वापरणं हीसुद्धा भाषेची जाण आहे.

याचा सराव घरच्या वस्तूंवर करावा, कारण त्यांना जर्मनमध्ये तयार शब्दच नसतो आणि पाठांतराची पळवाट उरत नाही. कडक भाकरी घ्या. 'दास इस्ट आइन ब्रोट. एस इस्ट झेर ड्यून उंड हार्ट. विर माखेन एस आउस हिर्झे.' ही एक प्रकारची भाकर आहे, फार पातळ आणि कडक, आम्ही ती ज्वारीची करतो. 'हिर्झे' हा शब्द बाजरी-ज्वारीसारख्या भरड धान्यांसाठी सरसकट चालतो, तेवढं पुरतं. शेंगा चटणी, सोलापुरी चादर, नंदीध्वज यांवर असंच करून बघा. नंदीध्वजाला मुलांना बराच वेळ लागतो आणि तो लागू द्यावा.

चूक झाली तर काय? 'लिंक्स आइन युंगे झिट्स्ट' तोंडातून गेलं आणि लगेच खटकलं, तर एकदा दुरुस्त करून पुढे जा. स्वतःची चूक स्वतः सुधारणं जमेची बाजू धरतात. मात्र तेच वाक्य तीनदा सुरू करू नका. खटकलंच नाही तर काही करायचं नाही. एखाददुसऱ्या चुकीनं अर्थ बिघडत नसेल तर या पातळ्यांवर ती चालवून घेतात.

पाठ केलेलं वर्णन मात्र लगेच ओळखू येतं. शिकवणीत 'बाजार' या विषयावर लिहून दिलेला परिच्छेद मूल घडाघडा म्हणतं, त्यात 'सूर्य चमकतो आहे' येतं आणि समोरच्या चित्रात आभाळ राखाडी असतं. अशा वेळी परीक्षक मध्येच थांबवून चित्रातलं काहीतरी विचारतो, आणि पाठांतर तुटलं की मूल पार गोंधळतं. जोड्या पाठ करा, परिच्छेद नको.

घरी सराव नीट होतोय का हे कळायला माझी आवडती पद्धत म्हणजे दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाच्या हातात फोटो, दुसऱ्याकडे कोरा कागद. पहिल्यानं जर्मनमध्ये वर्णन करायचं, दुसऱ्यानं फोटो न पाहता ऐकून चित्र काढायचं. मग दोन्ही शेजारी ठेवायचं. सायकल डावीकडे आली असेल तर ठिकाण चुकीचं सांगितलं गेलं. बाई उभी हवी ती बसलेली असेल तर क्रियापद चुकलं. माणसं आणि वस्तू आहेत पण कोण काय करतंय ते नाही, असं झालं तर पुन्हा नामांची यादीच झाली. जर्मन न येणाऱ्या पालकांनाही ही दोन चित्रं ताडून मुलाची अडचण नेमकी कुठे आहे ते सांगता येतं.

फोटो कुठून आणायचा म्हणून अडून राहू नका. लक्ष्मी मंडईत सकाळी जाऊन फोनवर एक फोटो काढा. गर्दीचा नको, दोन-तीन माणसं स्पष्ट दिसतील असा, आणि त्यांना विचारून. एक बाई जमिनीवर बसून कांदे विकते आहे: 'आइने फ्राउ झिट्स्ट आउफ देम बोडेन उंड फेरकाउफ्ट त्स्वीबेल्न.' तिच्यापुढे कांदे आहेत: 'फोर ईर लीगेन त्स्वीबेल्न.' इथे कांदे अनेक, म्हणून 'लीगेन'.

मंडईच्या फोटोचा आणखी एक उपयोग आहे. जर्मन बाजाराचं वर्णन संपलं की परीक्षकाचा पुढचा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: 'उंड वी इस्ट एस बाय ऑइश?', तुमच्याकडे कसं असतं? इथे चित्र मदतीला नसतं आणि चांगली बोललेली मुलंही 'गुट', छान, एवढंच म्हणून थांबतात. मंडईवर सराव केलेल्या मुलाकडे उत्तर तयार असतं. 'बाय उन्स इस्ट देर मार्क्ट येडेन टाग.' आमच्याकडे बाजार रोज असतो. 'बाय उन्स झिट्सेन फीले फेरकॉइफरिनेन आउफ देम बोडेन.' आमच्याकडे बऱ्याच विक्रेत्या खाली जमिनीवर बसतात. दोन्ही वाक्यांत 'बाय उन्स', आमच्याकडे, ही पहिली जागा आणि तिच्या लगेच मागे क्रियापद. आणि परीक्षकानं मध्येच 'डांके', धन्यवाद, म्हणून थांबवलं तर घाबरू नका. वेळ संपली एवढाच त्याचा अर्थ असतो, हातातलं वाक्य पुरं करून थांबा.